काटेताई, लिफ्ट आणि बॅटरीचा आकडा

आमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर काटेताई राहते. काटे हे तिचं आडनाव नाही. बाजाराच्या टोकाला तिचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान आहे, म्हणून ती काटेताई. दुसरं कारण ती स्वतःच हसत सांगते: तिच्याशी बोलायला गेलेल्या माणसाला काहीतरी टोचतंच.

पायांनी तिला लहानपणीच दगा दिला. तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीवर आहे. दंड मात्र पैलवानाचे. तिची आई, भाऊ आणि वहिनी असं चौघांचं घर. भाऊ कामानिमित्त बहुतेक बाहेरगावी असतो, त्यामुळे घर तिघी बायकांचंच. रोज सकाळी ती लिफ्टने खाली येते, फाटकातून खुर्ची स्वतः ढकलत दुकानात जाते, दुपारी जेवायला येऊन जाते आणि संध्याकाळी परतते. कुणी मागून खुर्चीला हात लावला तर मान वळवून फक्त बघते. दुसऱ्यांदा कुणी हात लावत नाही.

उन्हाळ्यात आमच्याकडे वीज तासन्‌तास जाते. सोसायटीने म्हणून गच्चीवर सौर पट्ट्या बसवल्या, शेजारच्या खोलीत इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांची रांग लावली. वीज गेली की लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप त्यावर चालायचा. बॅटरीत किती जीव उरलाय ते इन्व्हर्टरच्या छोट्या पडद्यावर दिसत असे. पण खोलीला कुलूप, आणि दाराच्या जाळीतून तो पडदा वाचणारी फक्त कबुतरं. खाली आम्ही बटण दाबायचो आणि लिफ्ट आली की बसायचो. बॅटरीचा विचार कोण करतो.

मग एका दुपारी, वीज नसताना, काटेताई एकटीच खाली येत होती तेव्हा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. पंखा थांबला, दिवा गेला. सकाळी पंप फार वेळ चालला होता, आभाळ भरलेलं होतं, आणि बॅटरीने मान टाकली होती. लिफ्टचा मिस्त्री गावाच्या दुसऱ्या टोकाला. तो येऊन, वर मशीनच्या खोलीत जाऊन, ब्रेक सोडून हाताने चाक फिरवेपर्यंत ताई आत बसून होती. दार उघडल्यावर ती घामाने निथळत होती, पण पहिला प्रश्न विचारला तो हा, की बॅटरी संपत आली होती हे कुणाला माहीत होतं का. कुणालाच नव्हतं.

आमचे सचिवकाका विमा कंपनीतून निवृत्त झालेले. माणूस सज्जन, पण आयुष्यभर अपघातांच्या फायली वाचल्यामुळे त्यांना सगळीकडे अपघातच दिसतो. त्यांनी दोन दिवसांत सभा बोलावली आणि ठराव मांडला की वीज नसताना लिफ्ट बंद ठेवावी. सगळ्यांच्या सुरक्षिततेसाठी. आमच्यापैकी बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. आमचं काय जाणार होतं, जिना चढलो असतो.

काटेताईने सगळ्यांचं बोलून होऊ दिलं. मग म्हणाली, "काका, वीज गेली की तुम्ही जिन्याने जाल. मी कुठे जाऊ?"

काका म्हणाले, "ताई, तुमच्याच काळजीपोटी चाललंय हे."

"काळजी करा. पण काळजी करून मला कोंडू नका. लिफ्ट वीज गेल्यामुळे अडकली नाही, बॅटरी संपल्यामुळे अडकली. बॅटरी भरलेली असेल तर लिफ्ट का थांबवायची? आणि रिकामी असेल तर वीज असतानाही मला कळायला हवं. ते कळायची सोय मी करते. गच्चीच्या खोलीची किल्ली द्या."

किल्ली सहज मिळाली नाही. काकांनी इन्व्हर्टर बसवणाऱ्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, इन्व्हर्टरच्या मागचं वायर जोडायचं भोक फक्त आमच्या माणसांसाठी आहे, कुणी हात लावला तर हमी गेली. काटेताईने इन्व्हर्टरसोबत आलेलं माहितीपुस्तक मागवून घेतलं. ते सचिवकाकांच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेलं होतं. त्यात स्पष्ट छापलं होतं की हे भोक संगणक जोडून स्थिती वाचण्यासाठी आहे, आणि पिशवीतच त्यासाठीची वायरही होती. ताईने ते पान काकांच्या पुढ्यात ठेवलं आणि समजावलं, "मी त्याला फक्त विचारणार आहे, सांगणार काहीच नाही. प्रश्नाचे हुकूम वेगळे असतात, बदल करायचे वेगळे. बदल करायचे मी लिहिणारच नाही." काकांनी पान वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि किल्ली दिली.

ताईला हे जमेल असं का वाटलं, तेही सांगायला हवं. मोठ्या दुकानांतल्या वजनकाट्यांच्या मागे असंच भोक असतं. काटा वजन घेतो आणि सिरीयल वायरीवरून एक-एक अक्षर करत बिलाच्या संगणकाला कळवतो. दुकानदार "बिलात वजन येत नाही" म्हणत काटा घेऊन येतो तेव्हा नव्वद टक्के वेळा दोष त्या वायरीत किंवा दोघांच्या बोलण्याच्या वेगात असतो. हेच तिचं रोजचं काम. तिच्या लेखी इन्व्हर्टर म्हणजे थोरला, अबोल काटा.

अडचण वेगळीच होती. लिफ्ट पाचव्या मजल्यापर्यंतच जाते. गच्चीला पुढे जिना.

वहिनी म्हणाली, "ताई, मी जाते. तुम्ही फोनवरून सांगा, मी जोडते."

ताई म्हणाली, "तू जोडशील गं. पण उत्तर आलं नाही तर ते का आलं नाही, हे मला तिथे बसूनच कळेल."

दोन शेजारी उचलून न्यायला तयार होते. त्यांना तिने हात जोडून परत पाठवलं. जिन्याकडे पाठ केली, खुर्चीतून खालच्या पायरीवर सरकली, मागे तळहात टेकून अंग वर ओढलं आणि वरच्या पायरीवर बसली. मग पुढची. वहिनी घडी केलेली खुर्ची घेऊन मागोमाग. मधल्या वळणावर ताई दम खायला थांबली तेव्हा सचिवकाका खाली उभे होते आणि कुठे बघावं ते त्यांना कळत नव्हतं. ताई म्हणाली, "काका, भिंतीकडे बघू नका. इकडे बघा. चढता येतं."

खोलीत उकाडा होता आणि बॅटऱ्यांचा आंबूस वास. तिने वायर जोडली. भोक दिसायला इंटरनेटच्या भोकासारखं, पण आतली भाषा जुनी सिरीयल, हे तिला ठाऊक होतं. वायरीचं दुसरं टोक तिने एका लहानशा, हातात मावणाऱ्या संगणकाला लावलं आणि काट्याला विचारतात त्याच वेगाने प्रश्न पाठवला. उत्तरात कचरा आला. प्रश्नचिन्हं, चौकोन, अर्धवट अक्षरं. वहिनीचा चेहरा पडला, ताईचा खुलला. कचरा आला म्हणजे पलीकडे कुणीतरी बोलतंय. फक्त एक घाईत आणि दुसरा सावकाश बोलतोय. माहितीपुस्तकात वेग काट्यापेक्षा बराच कमी दिला होता. तो ठेवल्यावर कचरा थांबला, पण मग शांतताच. प्रश्नाच्या शेवटी तपासणीची दोन अक्षरं जोडावी लागतात, आधीच्या सगळ्या अक्षरांवरून हिशेब करून काढलेली, आणि ती चुकली तर यंत्र ऐकूनही न ऐकल्यासारखं करतं. ती तिने उलट्या क्रमाने लावली होती. क्रम सुलटा केला आणि पडद्यावर कंसाने सुरू होणारी आकड्यांची लांबलचक ओळ उमटली.

तिने बोट ठेवत वहिनीला दाखवलं. हे पट्ट्यांकडून येणारं, हा बाहेरून येणाऱ्या विजेचा दाब, हा लिफ्ट-दिव्यांचा भार, हा बॅटरीचा दाब, आणि हा बॅटरी किती भरली आहे त्याचा टक्का. वहिनी म्हणाली, "म्हणजे हा बिचारा इतके दिवस सगळं सांगायला तयार होता." ताई म्हणाली, "कुणी विचारलंच नाही."

तो लहान संगणक तिथेच राहिला. दर मिनिटाला प्रश्न विचारायचा, आकडे वेळेसकट साठवायचे आणि इमारतीच्या वायफायवरून खाली पाठवायचे. तळमजल्यावर लिफ्टच्या दाराशेजारी तिने एक डबी लावली. तिच्यात एक हिरवा दिवा, एक लाल दिवा आणि एक घंटा. टक्का ठरलेल्या खुणेखाली गेला की लाल दिवा, घंटा, आणि सगळ्यांच्या फोनवर निरोप: लिफ्ट तळमजल्यावर आणून उभी करा, कुणी बसू नका.

पहिला आठवडा घंटेने सगळ्यांचं डोकं उठवलं. वीज नसताना कुणी लिफ्टचं बटण दाबलं की घंटा, लिफ्ट थांबली की शांत. पुन्हा बटण, पुन्हा घंटा. पहारेकऱ्याने शेवटी घंटेत फडकं कोंबलं. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी निरोपांना त्रासून फोन बंद ठेवला. काकांना वाटलं, झालं, संपला खेळ.

ताईने साठलेले आकडे काढून बघितले. लिफ्ट सुरू होताना मोटर एकदम जोर मागते, बॅटरीचा दाब खाली बसतो, आणि इन्व्हर्टर त्या दाबावरूनच टक्का काढतो. म्हणून टक्काही क्षणभर कोसळतो आणि लिफ्ट थांबली की वर येतो. जिना चढताना धापा टाकणाऱ्या माणसाला पाहून तो मरायला टेकलाय म्हणावं, तसला प्रकार. तिने नियम बदलला. टक्का सलग काही मिनिटं खाली राहिला, तेही लिफ्ट थांबलेली असताना, तरच घंटा. आणि लाल झालेला दिवा हिरवा व्हायचा तर टक्का त्या खुणेच्या बराच वर जायला हवा, नाहीतर सीमेवर दिवा लाल-हिरवा नाचत बसतो. फडकं निघालं. पण क्षणभराचं ते कोसळणंही तिने सोडून दिलं नाही. दाब फारच खोल बसला तर इन्व्हर्टर तिथल्या तिथे बंद पडतो, म्हणून ती तो आकडा वेगळा बघत राहिली.

त्यातूनच एक गंमत बाहेर आली. काकांनी तोवर नोटीस लावली होती की वीज नसताना लिफ्टमध्ये एका वेळी एकानेच बसावं, बॅटरीवर ताण नको. दिसायला शहाणपणाचं. पण ताईच्या आकड्यांत सगळ्यात खोल खड्डे पडत होते ते ती स्वतः एकटी खाली येताना. चौघंजण खाली आले की खड्डा जवळजवळ नाहीच. तिला वाटलं वाचण्यात चूक आहे. लिफ्टचा मिस्त्री तेल घालायला आला तेव्हा तिने विचारलं, तर तो हसला. लिफ्टच्या दोरखंडाच्या दुसऱ्या टोकाला वजन बांधलेलं असतं, अर्ध्या भरलेल्या लिफ्टएवढं. लिफ्ट जवळजवळ रिकामी खाली आणायची म्हणजे मोटरला ते वजन वर उचलावं लागतं. भरलेली लिफ्ट आपल्याच भाराने उतरते. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणाला, कुणी विचारत नाही.

तर नोटीस बदलली: वर जाताना कमी जण, खाली येताना सोबतीने. आयुष्यभर सोबत नाकारत आलेल्या बाईवर आता सोबत शोधायची वेळ आली. ती म्हणायची, "मला आधार नको, वजन हवंय. कुणी जाड माणूस आहे का घरात?" खाली जाणारे लोक चौथ्या मजल्यावर थांबून तिचं दार वाजवू लागले. सगळ्यात जास्त वेळा वाजवायच्या सचिवकाकांच्या बायको, काकू. रोज दुपारी त्या भाजी आणायला निघत आणि ताई जेवून दुकानात परतायची, अशी जोडी जमली.

असेच काही महिने गेले. हिरवा दिवा बघून लोक निर्धास्त बसू लागले होते.

मग तो दिवस आला. पहाटेपासून वीज नव्हती, ऊनही मरगळलेलं. काकूंनी दार वाजवलं. ताईने फोनवर बघितलं, ब्याऐंशी टक्के. दोघी लिफ्टमध्ये बसल्या, लिफ्ट निघाली, हिसका बसला आणि अंधार.

काकूंना बंद जागेची धास्ती आहे, हे ताईला माहीत नव्हतं. काकूंचा श्वास भरभर चालू लागला, त्या दारावर थापा मारू लागल्या. ताईने त्यांचा हात घट्ट धरला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. हवा येते आहे हे दाराच्या फटीला त्यांची बोटं लावून दाखवलं. मिस्त्रीला फोन केला. काकू थोड्या शांत झाल्यावर म्हणाल्या, "तुझा दिवा तर हिरवा होता गं."

ताईने फोनवर साठलेले आकडे उघडले. आताचा टक्का ब्याऐंशी. मघाचा ब्याऐंशी. सकाळी, लिफ्ट चालत होती तेव्हाही ब्याऐंशी. कालपासून एकसारखा ब्याऐंशी. बॅटरीचा खरा आकडा असा कधी स्थिर राहत नाही. तो हलतो, चढतो, उतरतो. हा मेलेला आकडा होता.

तिला ताबडतोब कळलं. सुरुवातीच्या दिवसांत कधीमधी एखादं उत्तर अर्धवट येई आणि दिवा उगीच लुकलुके, म्हणून तिने स्वतःच लिहून ठेवलं होतं की उत्तर नीट आलं नाही तर आधीचाच आकडा धरावा. एका मिनिटासाठी ते ठीक. पण किती मिनिटं, हे तिने लिहिलंच नव्हतं. वर वायर निसटली होती, हे नंतर बघितल्यावर कळलं. खोलीत कुणीतरी शिडी ठेवली होती, तिचा धक्का लागला होता आणि प्लगची प्लास्टिकची चिमटी तुटलेली होती. संगणक कालपासून मुक्या यंत्राला विचारत बसला आणि खाली जुना आकडा हिरव्या दिव्यासकट दाखवत राहिला.

अंधारात ती काकूंना म्हणाली, "बॅटरीने नाही फसवलं. मी फसवलं तुम्हाला."

मिस्त्रीने येऊन ब्रेक सोडला. दोघींपेक्षा पलीकडचं वजन जड, म्हणून लिफ्ट हळूहळू वर सरकली आणि वरच्या मजल्याशी लागली. काकांनी काकूंना धरून बाहेर काढलं आणि ताईकडे न बघता घरी नेलं. संध्याकाळपर्यंत नोटीस लागली: वीज नसताना लिफ्ट पूर्ण बंद. डबीचा प्लग काढलेला. लिफ्टची किल्ली काकांच्या खिशात.

तिच्या आईने त्या रात्री तिला म्हटलं, दुकानातलं काम घरी आण, काटे घरी दुरुस्त कर, मी आहे, वहिनी आहे, कशाला जिवाला घोर. ताई म्हणाली, "आई, काटे घरी येतील. मी बाहेर कशी येणार?"

दुसऱ्या दिवशी वीज गेली आणि ती निघाली. चौथ्या मजल्याच्या जिन्याशी खुर्चीतून उतरली आणि पायरी-पायरीने बसत खाली. वहिनी खुर्ची घेऊन. आम्ही लोक जाता-येता तिला ओलांडून जायचो, म्हणजे ओलांडायची हिंमत होत नसे, भिंतीला चिकटून उभे राहायचो. कुणी उचलू का म्हटलं तर ती म्हणे, "तुमची मदत सभेत लागेल, ती तिथे करा." दुपारी वर, पुन्हा खाली, संध्याकाळी वर. तिच्या तळहातांना फोड आले, तिने त्यांवर पट्ट्या बांधल्या आणि पट्ट्या बांधलेल्या हातांनी काटे दुरुस्त केले. एक दिवस तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी, ज्यांनी फोन बंद ठेवला होता त्याच, काकांच्या दारात जाऊन सांगितलं की मला हे रोज बघवत नाही, सभा घ्या.

सभेत काका तयारीने आले होते. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, उलट बसलेला होता. त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्या यंत्राने खोटं सांगितलं की नाही?"

"सांगितलं."

"चूक कुणाची?"

"माझी. वायरीची नाही, शिडीची नाही, माझी. उत्तर आलं नाही म्हणजे काय समजायचं, हे मी चुकीचं लिहिलं. काकूंची मी माफी मागितली आहे, इथे सगळ्यांसमोर पुन्हा मागते."

हे इतकं सरळ येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. काका म्हणाले, मग झालं तर, यंत्र काढून टाकू.

"नाही," ताई म्हणाली. "यंत्र नव्हतं तेव्हाही मी अडकलेच होते, तेव्हा तर कुणाची चूक तेही सांगता येत नव्हतं. आता येतं, म्हणून ती दुरुस्तही करता येते. मी केली आहे. आता इन्व्हर्टरने उत्तर दिलं नाही, अर्धवट दिलं, किंवा तोच आकडा फार वेळ हलला नाही, तर ते बॅटरी संपल्यासारखंच धरायचं. लाल दिवा आणि घंटा. हिरवा दिवा आपोआप पेटून राहणार नाही. वरून दर मिनिटाला ताजी खबर आली तरच तो टिकेल. खबर थांबली, वायफाय गेलं, वरचा संगणक मेला, काहीही झालं, की लाल. डबीत स्वतःचे सेल घातलेत, सगळी वीज गेली तरी ती ओरडेल."

"आणि हेही चुकलं तर?"

ताईने खुर्ची काकांच्या टेबलापर्यंत ढकलली. "तर तुम्ही पकडा. गच्चीच्या खोलीची किल्ली तुमच्याकडे आहे. वर जा आणि वायर ओढा. मला न सांगता ओढा. सकाळी ओढा, दुपारी ओढा, मी दुकानात असताना ओढा. ज्या दिवशी वायर ओढूनही दिवा हिरवा राहील, त्या दिवशी मी स्वतः डबी उखडून तुमच्या दारात ठेवीन. पण तोवर लिफ्ट बंद ठेवायची नाही."

सगळे काकांकडे बघत होते. काका म्हणाले की विचार करायला वेळ हवा. तेव्हा मागच्या रांगेतून काकू बोलल्या. बंद जागेत त्यांचा जीव कासावीस झाला होता, त्यांनी पुन्हा लिफ्टमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं, म्हणून त्या काय म्हणतील याची सगळ्यांना धाकधूक. त्या एवढंच म्हणाल्या, "अंधारात तिने माझा हात सोडला नाही. आणि चूक माझी, असं मला तिथेच सांगितलं. तुम्ही वायर ओढून बघा."

काकांनी बंदी लगेच उठवली नाही, पण डबी पुन्हा लावू दिली आणि वायर खरंच ओढली. पहिल्यांदा दुसऱ्याच सकाळी, वीज असताना. तळमजल्यावर पहारेकरी पेपर वाचत होता, घंटा वाजली तसा तो उडालाच. काका गच्चीवरून धापा टाकत खाली आले, लाल दिवा बघितला, परत वर गेले, वायर लावली, परत खाली आले. दिवा लगेच हिरवा झाला नाही. काही ताजी उत्तरं सलग आल्यावरच झाला. ते उभे राहून बघत होते. मग दुपारी पुन्हा ओढली. मग कधी वायर सोडून वायफायचाच प्लग काढला. एकदा तर आम्ही सगळे गाढ झोपेत असताना घंटा वाजली आणि अख्ख्या इमारतीने काकांच्या नावाने बोटं मोडली. एरवी कधी गच्चीकडे न फिरकणारे काका दिवसातून दोनदा चढू लागले. त्यांना म्हणे गुडघेदुखी होती, ती कमी झाली. ताईला कळलं तेव्हा ती म्हणाली, वजनकाट्याला आम्हीही असंच करतो, खात्रीचं वजन ठेवून खोटं पकडायला बघतो. जो काटा हे सहन करत नाही तो दुकानात ठेवायचा नसतो.

महिनाभरात एकदाही दिवा खोटा निघाला नाही. एका दुपारी काकांनी लिफ्टची किल्ली पहारेकऱ्याच्या खिळ्याला अडकवली आणि वीज नसतानाची बंदी उठवणारी नोटीस लावली. तिच्यावर सही करताना त्यांनी खाली हाताने एक ओळ जोडली: लाल दिव्याच्या वेळी कुणालाही, सचिवांनासुद्धा, सूट नाही.

काकू अजून लिफ्टमध्ये बसत नाहीत. त्या जिन्याने जातात आणि म्हणतात बरं वाटतं. ताईचं दार आता मास्तर वाजवतात. ते अंगाने भरलेले आहेत, त्यामुळे आकडे खूश आहेत.

परवाच्या सभेत काका उठून ताईचे आभार मानायला लागले. चार चांगले शब्द त्यांनी लिहून आणले होते. ताईने ते पुरते ऐकले नाहीत. ती म्हणाली, आभार राहू द्या काका, बॅटरीचं ऐका. सुरुवातीला आणि आता, तितक्याच फेऱ्यांना दाब किती जास्त खाली बसतो ते तिने मोठ्या कागदावर रेघ काढून आणलं होतं. बॅटऱ्या म्हाताऱ्या होत चालल्यात, पुढच्या उन्हाळ्याला त्या टिकणार नाहीत, आताच ठरवा. कुणीतरी म्हणालं, पुढच्या सभेत बघू. ती म्हणाली, पुढच्या सभेत मी दुसरा विषय आणणार आहे, म्हणून हा आत्ताच.

दुसरा विषय कोणता, असं काकांनी विचारलं. त्यांचा चेहरा जरा सावध झाला होता.

"गच्चीचा जिना. वरच्या यंत्राची देखभाल माझ्याकडे आहे, तर मला तिथे जायला उतार हवा. लिफ्ट वर न्यायला जमत असेल तर आणखी चांगलं."

दोघा-तिघांनी एकदम सांगितलं की जमणार नाही. गच्चीला जागा नाही, उतार फार लांब होईल, नियम आडवे येतील. ताईने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग खुर्ची वळवत म्हणाली, "जमणार नाही हे मोजून सांगा. मीही मोजून आणते." आणि फीत आणायला वहिनीला हाक मारली.